धुऊन गेलेलं मीठ

सकाळपासून डॉक्टर मंजुषा पाच वेळा वजनकाट्याजवळ जाऊन आल्या होत्या. पाय भरून आले होते. जिल्हा रुग्णालयात फिजिशियन त्या एकट्याच. बाहेर ओपीडीची रांग पायऱ्यांपर्यंत गेलेली.

काट्यावर किशन उभा होता. मेडशीकडच्या तांड्यावरचा, तिशीतला. तीन महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून डोक्यावर पडला आणि तेव्हापासून दिवसाला बारा लिटर पाणी पिऊन तेवढीच लघवी करत होता. तपासणीत साखर निघाली नव्हती. आज तपासणीसाठी त्याचं पाणी पहाटेपासून तोडलं होतं. वजन पावणेदोन किलोनं उतरलं, ओठ सुकले, तरी लघवी पाण्यासारखीच. लॅबमधले उकंडराव दर तासाला फोनवर लघवीची घनता सांगत, साध्या पाण्याची हजार धरून: "हजार तीन, मॅडम. हलतच नाही."

मंजुषाबाईंनी नाकात मारायचा फवारा दिला आणि पाणी मोजून सुरू केलं. मेंदूतून येणारा जो निरोप मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगतो, व्हॅसोप्रेसिन, त्याचीच ही नक्कल. दोन तासांनी उकंडरावांचा फोन आला. "हजार सहा."

"म्हणजे दोष मूत्रपिंडातच," ज्युनिअर नरेंद्र म्हणाला. "निरोप दिला तरी धड ऐकत नाही. फवारा वाया जाईल. नागपूरला पाठवू."

कोपऱ्यात किशनची आई, गोमतीबाई, तांब्या मांडीशी धरून बसली होती. "पोरगं कामाले जाईन का नाही, तेवढं सांगा, बाई. मजुरीची टोळी पंधरा दिवसांनं निघते. पान्याची बादली बगलेत घेऊन कोन येऊ देते त्याले?"

मंजुषाबाईंना आधी बसायचं होतं. त्या स्टुलावर टेकल्या. "मावशी, कैरीच्या फोडीला मीठ लावलं की काय होतं?"

"पानी सुटते."

"मूत्रपिंडाच्या पोटात असंच मीठ साठवलेलं असतं. केसाहून बारीक नळी खाली जाते, वळसा घेऊन वर येते. उतरताना तिच्यातलं पाणी निघून जातं. चढताना ती मीठ बाहेर टाकते, पाणी मात्र सोडत नाही. शेजारी-शेजारी उलट वाहणाऱ्या या दोन धारांमुळे खोल जावं तसा खारटपणा वाढतो. शेवटची नळी त्याच खारटातून उतरते. मेंदूचा निरोप आला की तिची दारं उघडतात, मीठ पाणी ओढून घेतं, लघवी दाट होते. निरोप नाही तर दारं बंद, पाणी सरळ बाहेर."

"मग आता निरोप देल्ला ना तुमी?"

"दिला. दारं उघडली असतील. पण तीन महिने एवढं पाणी वाहिलं की मीठच धुऊन गेलंय. ओढणार कोण?" त्या नरेंद्रकडे वळल्या. "पाच दिवस फवारा देऊ. मीठ साठलं तर घनता चढेल. नाही साठलं तर तुझं खरं. आणि मावशी, आता तहान लागली तरच पाणी. दारं उघडी आहेत, प्यायलेलं आतच राहील."

गोमतीबाईनं मान हलवली.

तिसऱ्या दिवशी किशनचं डोकं दुखत होतं. मंजुषाबाईंनी आधी काट्यावर चढवलं. दीड किलो जास्त. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, एकशे तीस; हवं त्याहून कमी. त्यांनी तांब्याकडे पाहिलं.

"किती वेळा पाजलं?"

"यस्टीचा भोंगा वाजला का पाजतो," गोमतीबाई खाली पाहत म्हणाली. "तांड्यावर तसंच करो. एकडाव वावरात पानी सरलं, तं पोरगं धुऱ्यावर बेसुद पडलं होतं. तवापासून झोपेतून उठवून पाजतो."

"माय ऐकते का कोनाचं," किशन पडल्या पडल्या म्हणाला. "नको म्हनलं तरी तोंडाले लावते."

रागवायचीही ताकद मंजुषाबाईंत नव्हती. याच तांब्यानं पोरगा जगला होता आणि याच तांब्यानं आता रक्तातलं मीठ पातळ होत होतं. त्यांनी पाणी थांबवलं, फवारा चालू ठेवला, सोडियम दिवसातून चारदा पाहायला सांगितलं. तांब्या सिस्टरच्या टेबलावर गेला. गोमतीबाईचे रिकामे हात मांडीवर नुसते पडून राहिले. बाहेर भोंगा वाजला की ती अर्धी उठायची आणि परत बसायची.

सोडियम हळूहळू जागेवर आलं. सहाव्या सकाळी उकंडराव कधी नव्हे ते जिना चढून वर आले. नळीतली लघवी पिवळी होती.

"हजार सोळा," ते म्हणाले. "दोनदा पाहिली."

नरेंद्रनं केसपेपरवरचं जुनं निदान खोडलं. "फवारा सकाळ-संध्याकाळ," मंजुषाबाई म्हणाल्या. "पडल्यामुळं मेंदू निरोप पाठवत नाही, मूत्रपिंड चांगलं आहे. टोळीबरोबर जाईल, पण फवारा सोबत पाहिजे, आणि महिन्याला सोडियमची तपासणी."

तेवढ्यात किशन उठून बसला. "माय, जरासं पानी दे."

गोमतीबाई जागची हलली नाही. तिनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"मागितलंय ना त्यानं? द्या."

तिनं टेबलावरून तांब्या आणला, ग्लास भरून दिला. किशन अर्धा ग्लास प्यायला आणि ग्लास खाली ठेवला. उरलेल्या अर्ध्या ग्लासाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मंजुषाबाई रांगेकडे निघाल्या.