दवाखान्यातून निघालेला बाण

ऑडिटर गुरुवारी येणार होते आणि सोमवारी दुपारी आमच्या मॅनेजरना, सुधीर सरांना आठवलं, की आपल्या कारखान्यात कुठली माहिती कुठून कुठं जाते याचं चित्र कुणाकडेच नाही. कुणाकडेच म्हणजे माझ्याकडे. महाड एमआयडीसीतल्या या कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे अकरा वर्षं मी एकटीच. कॉम्प्युटर बिघडला की मी बिघडवलेला असतो आणि चालला की आपोआप चालतो.

"एकच चित्र काढ, संजीवनी," सर म्हणाले. "ऑडिटरलाही चालेल आणि त्या नव्या मुलीलाही समजेल. एका दगडात दोन पक्षी."

दगड कुणी उचलायचा ते त्यांनी सांगितलं नाही. नवी मुलगी अनुपमा पंधरा दिवसांपूर्वी पनवेलहून आली होती. माझ्या हाताखाली कुणीतरी द्या म्हणून मी चार वर्षं अर्ज केले होते. ती आली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण आता हिला सगळं शिकवायचं, या विचारानंच मी दमले.

ठरलेल्या वेळी एका यंत्रावरची फाईल दुसऱ्यावर आपोआप नेणारे चौदा जॉब होते. गेटवरच्या हजेरीच्या यंत्रातून पगाराकडे, प्रयोगशाळेतून डिस्पॅचकडे, गोदामातून मुंबईच्या हेड ऑफिसकडे. मी यादी उघडली. चौदाही जॉबसमोर हिरवी खूण. प्रत्येक यंत्राचा एक चौकोन, प्रत्येक जॉबचा एक बाण, बाणावर वेळ. मंगळवारी दुपारी डबा खाईपर्यंत चित्र झालं, आणि मी ते अनुपमासमोर सरकवलं.

तिनं प्रत्येक बाणावर बोट ठेवायला सुरुवात केली. "हा काय नेतो? कधी? पलीकडे तो वाचतं कोण?"

पहिल्या सहा बाणांची उत्तरं मी तोंडपाठ दिली. सातवा दवाखान्याचा.

आम्ही प्लास्टिकच्या पाइपांत घालायची शिशाची पूड बनवतो. शिशाच्या खात्यातल्या सतरा माणसांच्या रक्तातलं शिसं दर दोन महिन्यांनी तपासतात. आकडा साठच्या वर गेला की डॉक्टर कॉम्प्युटरवर 'खात्याबाहेर' अशी खूण करतात. पहाटे पाच वाजता ती फाईल दवाखान्यातून निघते, साडेपाचला ड्यूटी लावणारं मशीन ती वाचतं, आणि सहाच्या पाळीला त्या माणसानं कार्ड लावलं की गेटवर लाल दिवा लागतो. पूर्वी यासाठी नर्सबाई पिवळी चिठ्ठी द्यायच्या. हा जॉब बसवला तेव्हा चिठ्ठी बंद करा असं मीच म्हटलं होतं.

"आणि वाचून झालं की फाईल?"

"पुसली जाते."

"मग ती जागा रिकामी असेल ना? बघायची?"

दाखवून टाकू, म्हणजे ही गप्प बसेल, असं मला वाटलं. मी उघडलं. त्रेसष्ट फायली होत्या. पहिली डिसेंबरची, शेवटची ऑगस्टमधली, परवाची.

काय झालं ते मला लगेच कळलं, कारण ते मीच केलं होतं. डिसेंबरात ड्यूटीचं मशीन बदललं. त्याच्याकडे जाणाऱ्या चार जॉबपैकी तिघांचे पत्ते मी बदलले, हा एक राहिला. जुनं मशीन बंद केलं असतं तर दुसऱ्याच दिवशी जॉब लाल झाला असता. पण जुन्या नोंदी कधी लागतील म्हणून ड्यूटी लावायचं काम तेवढं काढून मी ते कोपऱ्यात चालूच ठेवलं. कोकणातल्या घरात मोडका पाट माळ्यावर ठेवतात, तसं. दवाखान्याची फाईल दर वेळी तिथं नीट पोचत होती, म्हणून हिरवी खूण. नव्या मशीनला फाईल मिळत नव्हती, पण रोज काही तपासणी नसते, म्हणून फाईल नसली तर गप्प राहा असं मीच त्याला शिकवलं होतं. तेही हिरवं.

फायली एकेक उघडल्या. सतरापैकी चौघांपुढे खूण होती. सगळ्यांत वाईट सोनबाचं. जुन्या नोंदीत नोव्हेंबरात अडतीस, मग जानेवारीत एकोणपन्नास, मार्चमध्ये अठ्ठावन्न, मेमध्ये त्रेसष्ट, जुलैत एकाहत्तर. दोनदा डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर त्याला बाहेर काढलं होतं. जूनमध्ये डॉक्टर बदलले, आणि नव्यांना वाटलं माणूस केव्हाच बाहेर असेल.

"आज सोनबा कुठल्या पाळीला आहे?" अनुपमानं विचारलं.

पहिल्या. पाळी सुटायला वीस मिनिटं होती. मी चप्पल ओढत खात्यापर्यंत गेले, सुपरवायझरला चार नावं दिली आणि चौघांना दवाखान्यात पाठवलं. सोनबा तोंडावरचा फडका सोडत बाहेर आला. पोलादपूरकडच्या कुडपणचा, पन्नाशीचा, माझ्याआधीपासून इथं असलेला माणूस. "काय झालं, मॅडम?" त्यानं विचारलं. "डॉक्टरांनी बोलावलंय," एवढंच मी म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

सुधीर सरांनी सगळं ऐकून दार लावलं. "जॉब आत्ता दुरुस्त कर. चित्रात बाण आहे तसाच राहू दे. गुरुवारी तो खराच असेल, हो की नाही?"

"गुरुवारी असेल, सर. आठ महिने नव्हता."

"ऑडिटर गुरुवारी येणार आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, संजीवनी. तुझ्याच सोयीचं सांगतोय. चूक कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

मग काही नाही. भांडायचंही त्राण नव्हतं. खोटं चित्र काढायलाही त्राण लागतं, आणि अनुपमा उद्या तेच चित्र बघून काम शिकणार होती. मी जॉब दुरुस्त केला, हातानं एक फाईल पाठवून गेटवर चार लाल दिवे लागलेले बघितले, जुनं मशीन बंद केलं. त्या मशीनकडे जाणारे बाकीचे तीन बाण दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा तपासले. मग सातवा बाण मध्येच तोडला आणि बाजूला लिहिलं : 'डिसेंबर ते ऑगस्ट, फाईल वाचली गेली नाही. चार कामगार मर्यादेबाहेर. पत्ता बदलायचा राहिला : संजीवनी.' नर्सबाईंची पिवळी चिठ्ठी परत सुरू करावी, असंही खाली लिहिलं.

गुरुवारी ऑडिटरांनी त्या तुटक बाणावर बराच वेळ पेन धरलं. मग विचारलं, "त्या चौघांना हे सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. कागदावर लिहिणं त्यामानानं सोपं गेलं होतं. नोकरीचं काय व्हायचं ते हेड ऑफिस ठरवणार होतं, आणि त्या भीतीपेक्षा मला सोनबाचीच भीती जास्त वाटत होती.

तो दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसला होता. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. जॉब, पत्ता, हिरवी खूण, माझं नाव. त्याला अर्धं कळलं नसेल. मनगटं मांडीवर सैल पडली होती.

"म्हंजे पोटात कळा येत व्हत्या त्या ह्याच्यामुळं?"

"हो, सोनबादादा."

"दिवा हिरवाच लागत व्हता. म्हून मला वाटलं, रक्तात काय नाय. मग दोष बायकोवर घातला, गोदूवर. तुझ्या हातची भाकरी पचत नाय म्हटलं. दोन महिने येकच. आषाढात तिला माहेरी धाडली. अजून तिकडंच हाय ती."

"तिचा काही दोष नव्हता, दादा," मी म्हणाले.

"मी सांगितलेलं तिला खरं नाय वाटायचं," तो म्हणाला. "तुम्ही याल काय सांगायला?"

रविवारी सकाळी गोदूच्या माहेरी जायला त्याच्याबरोबर पोलादपूरची एसटी पकडायचं मी कबूल केलं.