ताटाच्या मधोमध

"आजी, नाव काठावर कोरतात. मधोमध कुणी कोरत नाय," भांड्यांच्या दुकानातला सुदर्शन म्हणाला. "अन् मशीन एकदा फिरलं की पुसता येत नाय."

"म्हणून तर पिशोरहून आले," सखूबाई म्हणाली.

नातीच्या लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिणार होता. सासूनं रत्नमाला ठरवलं होतं. माहेरची चतुरा अशाच एका ताटात सखूबाई झाली होती, तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

सुदर्शननं नाव आधी कागदावर लिहिलं, मग पितळेवर पेनानं. सखूबाईनं एकेक अक्षर नातीच्या आधारकार्डाशी ताडून पाहिलं.

"आता कोर. चांगलं खोल."

लग्नात आजीच्या आहेराचंच ताट पुढं आलं. नवरदेवानं तांदळात अंगठी रुतवली, तशी तळाची अक्षरं उघडी पडली. तो थबकला. मग हसून त्याच अक्षरांवरून त्यानं अंगठी फिरवली.

"काय लिहिलंस रे?" त्याच्या आईनं विचारलं.

"तनुजा. आधीच लिहिलेलं होतं."

मांडवात पहिली टाळी वाजवली ती चतुराबाईनं.