फोन घ्यायचे नाहीत

घरदुरुस्तीच्या त्या लाइव्ह कार्यक्रमाचा रनडाउन धाकटी लिहायची. कितव्या मिनिटाला कोण बोलणार, प्रेक्षकांना काय विचारायचं, आणि काही फसलंच तर कोणता फिलर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला तुकडा, सोडायचा, हे सगळं त्या तक्त्यात असे. कॅमेऱ्यासमोर तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, बसायचा आणि कमेंट्स वहिनी बघायची. घरचाच कारखाना म्हणा ना.

पण काही आठवड्यांपासून तक्त्यात कुणीतरी हात घालत होतं. प्रेक्षकांच्या फोनची वेळ आधी निम्मी झाली, मग फोन गेलेच आणि तिथे मतचाचणी आली: 'तुमचा नळ गळतो का? हो किंवा नाही लिहा.' एका फिलरचे तीन झाले. धाकटीनं बदल कुणी केले ते पाहिलं. वहिनी.

"वहिनी, फोन का काढले?"

"अगं, लोक घरातल्या टीव्हीचा आवाज बंद करत नाहीत, नुसता कल्ला होतो," वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाली.

कारण पटण्यासारखं होतं. म्हणूनच धाकटीला पटलं नाही. शिवाय कार्यक्रम चालू असताना वहिनी हल्ली कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून बोटांनी खुणा करायची, आणि दादा इअरफोनमधून येणारं धाकटीचं बोलणं सोडून तिकडेच बघायचा. नवरा-बायकोचं काहीतरी शिजतंय, तिला वाटलं. फोन नसलेला कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून कुणालाही देता येतो. आपल्याला बाजूला सारून दुसरीकडे जायचा बेत दिसतोय.

त्या शनिवारी तिनं कुणाला न सांगता फोन परत तक्त्यात घातला. बघू या, कोण दचकतं.

वायरमन पाहुणा होता. दादानं त्याला छान बोलतं केलं. प्रेक्षकांपर्यंत चित्र वीसेक सेकंद उशिरा पोचतं, म्हणून प्रश्न आधी टाकायचा आणि उत्तरं येईपर्यंत गप्पा मारायच्या, हे दादा झोपेतही करेल. मग धाकटीनं त्याच्या कानात सांगितलं, "दादा, फोन जोडतेय." तो हललाही नाही. पडद्यावर 'फोनवर प्रेक्षक' अशी पट्टी आली, तेव्हा कुठे त्याचा चेहरा पडला. वहिनी कमेंट्स सोडून धावली.

फोनवर एक आजी होत्या. "अहो, माझ्या गिझरच्या बटणातून चरचर आवाज येतोय आणि जळका वास सुटलाय. चालू ठेवला तर चालेल का?"

दादा हसला. "हो, हो, अगदी बरोबर. चालू द्या!"

"बंद करा!" वायरमन खुर्चीतून उठलाच. "आजी, बटणाला हात लावू नका. मेन स्विच बंद करा आधी!"

धाकटीनं आजींचा फोन कार्यक्रमाबाहेर आपल्याकडे घेतला, वॉशर बदलण्याचा तीन मिनिटांचा फिलर सोडला आणि तडक सेटवर गेली.

"काय बोललास तू हे?"

दादा तिच्या ओठांकडे बघत होता. त्याच्या कानांकडे बोट दाखवून वहिनीच म्हणाली, "त्याला फोनवरचं नीट ऐकू येत नाही गं. समोरचा माणूस कळतो, ओठांवरून. तुझं इअरफोनमधलं तर काहीच नाही."

"मग मला सांगायचंत!"

"सांगितलं असतं तर दुसरा निवेदक आणला असतास," दादा म्हणाला. "मागच्या महिन्यात त्या रेडिओवालीला चहाला बोलावलं होतंस. मला कळलं नाही असं वाटलं का?"

चहाला बोलावलं होतं, हे खरं होतं. का, ते धाकटीनं स्वतःलाही धड विचारलं नव्हतं.

"दीड मिनिट उरलं," कॅमेरावाला ओरडला.

भांडायला वेळ नव्हता. ती धावत टेबलाशी गेली आणि आजींना म्हणाली, "बंद केलंत ना मेन? बरं, फोन ठेवू नका." मग दादासमोरच्या पडद्यावर तिनं टाइप केलं: 'आजी सुखरूप. मेन बंद. आधी माफी माग.'

फिलर संपला. दादानं वाचलं, पाणी प्यायला आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "आजी, मी चुकीचं सांगितलं. मला नीट ऐकू आलं नाही. मला हल्ली कमीच ऐकू येतं. तुम्ही बोला, माझी बहीण लिहून दाखवेल."

हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. आजी बोलत गेल्या, धाकटी लिहीत गेली, वायरमन उत्तरं देत गेला. कमेंट्स इतक्या येऊ लागल्या की वहिनीची वाचता वाचता पुरेवाट झाली.

कार्यक्रम संपल्यावर दादा तिच्या टेबलाशी आला. "पुढच्या शनिवारी मीच ना?"

"फोन राहणार. मी टाइप करणार," ती म्हणाली. "आणि माझ्या तक्त्यात मला न विचारता कुणी हात घालायचा नाही."

"आणि रेडिओवाली?"

"तिला नाही म्हणून कळवते."

"माझ्यासमोर कळव," दादा म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.