वरच्या मजल्याची बेरीज

हिशेब तपासणाऱ्या ऑफिसात तिला खुसपटबाई म्हणत, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. ज्यांना साधी बेरीज धड जमत नाही त्यांनी नावं ठेवली, तर तो तिला मानच वाटे.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या टायवाल्या उपव्यवस्थापकाने तपासायला एक्सेलचे स्क्रीनशॉट पाठवले. फाइल नाही, नुसते फोटो: एकात आकडे, दुसऱ्यात फॉर्म्युले. फाइल म्हणे गोपनीय. वर चिठ्ठी: फक्त ओके म्हणा. या आकड्यांवर खालच्या मजल्यावरच्या दोन नर्स वर जाणार होत्या. वर तिची धाकटी जाऊ नर्स होती, डबल ड्युट्या करून पार पिचलेली. तेव्हा ओके म्हटलं असतं तर घरातही बरं झालं असतं.

पण डोळे कुठे ऐकतात? खालचे वॉर्ड चौथ्या ते आठव्या ओळीत, आणि पेशंटांची बेरीज C4:C7, म्हणजे सातव्या ओळीपर्यंतच. आठवी ओळ, लहान मुलांचा वॉर्ड, बेरजेबाहेर. वॉर्ड नवा, ओळ वाढवली, फॉर्म्युला वाढवायचे कष्ट कोण घेतो! वरची बेरीज C10 पासून हवी, तर या दीडशहाण्याने C9 पासून धरलेली. नवव्या ओळीत खालची बेरीज, म्हणजे खालचे पेशंट वरच्यांत पुन्हा मोजलेले. आणि कहर म्हणजे वरच्या पेशंटांना भागलं होतं D9 ने, खालच्या नर्सच्या आकड्याने. खरा D15 शेजारच्याच खान्यात होता.

तिने कागदावर हिशेब केला. वर एका नर्समागे अकरा पेशंट दाखवले होते, निघाले पाच. खाली पाच दाखवले होते, निघाले सात.

"मॅडम, इतकं काय खोलात जायचं?" टायवाला फोनवर म्हणाला.

"खोलात नाही हो, वरवरच बघितलं. तेवढ्यातच एवढं सापडलं," म्हणत तिने नामंजूर लिहून पाठवलं. कुणाला कशाचे पगार मिळतात देव जाणे, असं पुटपुटत ती घरी गेली.

जाऊ स्वयंपाकघरात गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. "ताई, झालं का आमचं?"

तिने सगळं सांगितलं. आपल्या माणसासाठी चुकीची बेरीज पास करणार नाही, हेही जरा ठसक्यात सांगितलं.

"पाच?" जाऊ म्हणाली. "नर्स किती धरल्यास?"

"D15 मध्ये बारा होत्या. साठ भागिले बारा."

"बारा कागदावर. निम्म्या कधीच सोडून गेल्या, नावं तशीच आहेत. आम्ही सहाजणी आहोत, ताई. एकीमागे दहा."

खुसपटबाईने D15 डोळ्यांपुढे आणला. त्या खान्यात फॉर्म्युलाच नव्हता, नुसता टाइप केलेला आकडा होता, म्हणून तिने तो तपासलाच नव्हता.

"त्या मूर्खाचे अकरा बरे होते की गं," जाऊ म्हणाली, आणि पाय पुसून ड्युटीला निघाली.