अर्ध्या किमतीचं व्हाउचर

शू-फेन परीक्षा पास झाली मंगळवारी आणि नापास न होताच शुक्रवारी निकाल हातचा गेला.

तैवानमधल्या काओशुंग शहरातल्या एका कंपनीत ती एकोणीस वर्षं सर्व्हर सांभाळत होती. नव्या मालकांनी सांगितलं होतं, तीस जूनपर्यंत सुरक्षेचं प्रमाणपत्र आणेल तोच नोकरीत राहील. परीक्षेची फी डोळे पांढरे करणारी. लाइन या चॅट-अ‍ॅपवरच्या एका ग्रुपात कुणी तिचं व्हाउचर, म्हणजे आगाऊ फी भरलेला कोड, अर्ध्या किमतीत विकत होता. पावती मागितली तर म्हणाला, एवढ्या सवलतीत पावती कसली? तिला खटकलं होतं. पण कोड साइटवर टाकताच चालला, तारीख मिळाली. मग खोटा कसा असेल?

शुक्रवारी मेल आली : व्हाउचर रद्द, निकालही रद्द. मदत केंद्रातल्या माणसाने शांतपणे समजावलं. कोड खराच होता, पण चोरलेल्या कार्डावर घेतलेला. कार्डवाल्याने तक्रार केली, बँकेने पैसे परत ओढले, कोड मेला. अधिकृत विक्रेत्यांची यादी साइटवर असते, त्यांची सूट थोडीच असते आणि ते पावती देतात. तिच्यावर बंदी येणार नाही, पण नवी फी भरून परत बसावं लागेल. विक्रेता केव्हाच ग्रुपातून पसार झाला होता.

तीस तारखेच्या आत तैवानभर एकही जागा रिकामी नव्हती. ही परीक्षा घरून देता येत नसे.

मग तिला आठवलं. त्या विक्रेत्याचा नंबर तिनेच ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या वेन-चिनला दिला होता. वेन-चिनची परीक्षा सोमवारी.

ती तडक तिच्या घरी गेली. वेन-चिन मुलीला सोयाबीनचं दूध पाजत होती. ऐकून आधी हसली.

"ताई, माझ्या बुकिंगवर अजून 'निश्चित' लिहिलंय."

"माझ्याही होतं. परीक्षा दिली तोपर्यंत होतं."

वेन-चिनने दुधाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "नंबर तू दिलास."

"मीच दिला."

यादीतल्या एका क्लासकडून वेन-चिनने त्याच दुपारी नवा कोड घेतला. सूट थोडी, पण पावती तिच्या नावाची. आता जुनं बुकिंग रद्द करून तीच जागा पुन्हा धरायची होती. मधल्या क्षणी ती जागा कुणालाही मिळाली असती. शू-फेनच्या फोनवरही तेच पान उघडं होतं.

वेन-चिनने बटणावर बोट ठेवून तिच्याकडे पाहिलं. "तूही बघतेयस ना?"

शू-फेनने फोन टेबलावर पालथा ठेवला. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबले.

"कर," ती म्हणाली.

जागा वेन-चिनला मिळाली. शू-फेनला मिळाली ती चार जुलैची. मॅनेजरला तिने विनंती केली; तो म्हणाला, तारीख सगळ्यांना सारखीच. एक जुलैला तिने ऑफिसातलं टेबल रिकामं केलं, आणि चारला परीक्षेला जाऊन बसली.