पितळी अंगुस्तान

सकाळी दुकानात अंगुस्तान बोटात जाईना, तेव्हा ताईचं पित्तच खवळलं.

अंगुस्तान म्हणजे सुई ढकलायला शिंपी मधल्या बोटात घालतात ती पितळी टोपी. ताईची टोपी मुळात आईची. पोरवयात तिने ती घातली आणि तिच्यावर कोटांची काजं करत पन्नाशी ओलांडली. आज ती टोपी वरच्या पेराच्या सांध्यापाशी अडली. ताईने जोर लावला आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. मग तिने ती खिडकीपाशी नेऊन नीट पाहिली. आतून कानशीचे ओरखडे, काठावर हातोडीचे बारीक ठोके!

"ही माझी नव्हेच!" ताई ओरडली. "बदलली कुणीतरी!"

सुयांच्या डब्याला दोघींचेच हात लागायचे, तिचे आणि धाकट्या बहिणीचे. झालं! ताईने धाकटीला गिऱ्हाइकांदेखत धारेवर धरलं. "आईची वस्तू हवी होती तर मागायचीस. चोरायची कशाला?" बाईच्या जिभेला काही हाड! कपडे बेतणाऱ्या मास्तरांच्या हातातली कात्री तिथल्या तिथे थांबली. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

ताईने तणतणत बाजारातून त्याच मापाची नवी टोपी आणली. तीही जाईना. करंगळीशेजारच्या बोटातही जाईना, करंगळीवर तिरकी बसली. आता मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःचे हात तिने परक्या बाईचे असावेत तसे पाहिले. नखांच्या मागच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंनी टणक उंचवटे आले होते आणि एक बोट टोकाशी चक्क वाकडं झालं होतं. आई गं! हे कधी झालं?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकेक सांधा दाबून पाहिला. "सकाळी बोटं आखडतात?"

"चहा होईपर्यंत. मग सुटतात."

"मनगट, मुठीचे सांधे सुजतात? ताप, थकवा?"

"छे. पण बरणीचं झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी जीव जातो." ताई पुढे वाकली. "आमवात आहे ना? हात लुळे पडणार ना माझे?"

"आमवात दिसत नाही. ही सांध्यांची झीज आहे. आतली गुळगुळीत कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, विरळ होते आणि कडेला हाड वाढतं. तेच हे उंचवटे. चाळिशी-पन्नाशीनंतर बायकांना जास्त होतं आणि बऱ्याचदा घराण्यात असतं. गाठी जाणार नाहीत, पण ठणका पुष्कळदा ओसरतो. काम बंद करू नका. कोमट पाण्यात बोटं हलवा, मलम चोळा, अंगठ्याला आधारपट्टी बांधा, जाड मुठीची कात्री घ्या." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पण हे कालपरवाचं नाही हो. वर्षं लागतात. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"कसं येणार? अंगुस्तान तर रोज बसत होतं!"

बोलता बोलताच ताईला त्या खुणा आठवल्या. कानशीचे ओरखडे, हातोडीचे ठोके.

तिथून ती तडक धाकटीच्या दारात गेली. "खरं सांग. टोपी तू बदललीस?"

"नाही." धाकटी दारातच उभी राहिली. "तांबटाकडून वाढवून आणली. तुझं बोट जाडावलं की जरा ठोकून आणायची, आतून घासून आणायची. या वेळी तो म्हणाला, आता ताणली तर चिरेल."

"अगं पण मला का नाही सांगितलंस?"

"आईचं आठवत नाही? बोटांना गाठी दिसल्या आणि घाबरून तिने सुई टाकली ती टाकलीच. पुन्हा उचलली नाही, हसलीही नाही. तूही तसंच करशील म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

ताईला रडू फुटलं. भर दुकानात आपण हिला चोर म्हणालो! "मेले मी," ती म्हणाली, "अगदी लाजेने मेले गं मी." आणि तिने धाकटीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आई गं!" धाकटी कळवळली आणि तिने हात मागे ओढले.

ताईने ते हात परत हातात घेतले, या वेळी अलगद, आणि उजेडात धरले. धाकटीच्या मधल्या बोटाचा टोकाचा सांधा लाल होऊन सुजला होता. गाठ अजून कोवळी होती, पण जागा तीच होती.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

धाकटीने मान खाली घातली. "सांगू नकोस कुणाला. आणि सुई टाकायला लावू नकोस."

ताईने डोळे पुसले, न विचारता आत जाऊन चुलीवर पाणी ठेवलं आणि दरडावलं, "ये इकडे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते नीट ऐक. आणि उद्या दुकानात सगळ्यांदेखत मी तुझी माफी मागणार आहे, तेव्हा वेळेवर ये."