‘भ’ची फट

वाघाला एकूण बावीस मिशा होत्या. टिकलीने चित्र पडद्यावर मोठं करून त्या मोजल्या आणि कपाळाला हात लावला.

“आत्या, बावीस.”

“काय बावीस?”

“मिशा. आणि एकेक केसापेक्षा बारीक.”

आत्या भरतकामाच्या मशीनवर धाग्याची रिळं चढवत होती. मान न वळवता म्हणाली, “मग साहेबांना सांग, वाघाची दाढी करून आणा.”

साहेब समोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांची स्वतःची मिशीही काही कमी नव्हती. गोदामांना आणि इमारतींना रखवालदार पुरवण्याची त्यांची कंपनी होती आणि साठ रखवालदारांच्या निळ्या शर्टांवर, खिशाच्या वर, आठ सेंटिमीटर रुंदीचं बोधचिन्ह भरून हवं होतं. चित्रात ढालीवर डरकाळी फोडणारा वाघ होता. मागे आकाश होतं. ते वर पिवळं, मग हळूहळू केशरी, मग लाल, आणि खाली कुठेतरी जांभळं होत गेलं होतं. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘भिऊ नका, आम्ही आहोत’.

“साहेब,” टिकली म्हणाली, “कागदावर शाई पसरते, म्हणून एका रंगातून दुसरा रंग उमलतो. धागा उमलत नाही. तो जिथे पडतो तिथे त्याच रंगाचा राहतो. आमच्या मशीनला सुया सहा, म्हणजे एका दमात सहाच रंग. तुमच्या चित्रात मी अकरा मोजले, आणि आकाशाचे तर मोजताच येत नाहीत.”

“मोजू नका. भरा.”

“आणि ही अक्षरं तीन मिलिमीटरची आहेत. सुई एक भोक पाडते, शेजारी दुसरं. अक्षर भोकाएवढंच असेल तर—”

“हे बघ बाळ,” साहेबांनी आवाज खाली आणला. “चित्र माझ्या सुनेने काढलंय. तीन आठवडे काढत होती. यातला एक केसही कमी करायचा नाही.”

“सूनबाईंना मी समजावू का?”

“नको!” साहेब इतक्या घाईने म्हणाले की आत्याने पहिल्यांदाच मान वळवली. “तिला काही कळवायचं नाही. जसं आहे तसं करा.”

ते नमुन्यासाठी दोन कोरे शर्ट ठेवून गेले.

ते जाताच आत्या टिकलीच्या टेबलाशी आली. संगणकावर टाक्यांची आखणी करायचं काम, म्हणजे कोणता टाका कुठून कुठे जाईल हे मशीनला सांगणारी फाईल करायचं काम, आजवर बाहेरून करून येत असे. टिकली ते चार महिने शिकत होती. त्याआधी ती कोपऱ्यातल्या टेबलावर सुटे धागे कापायची.

“लक्षात आहे ना?” आत्या म्हणाली. “ही ऑर्डर तुझी. नमुना मंजूर झाला तर ही खुर्ची तुझी. परत आला तर फाईल पुन्हा बाहेरून, आणि तू कात्री घेऊन कोपऱ्यात.”

“माहितीये गं.”

“मग हसतेस काय?”

“दोन शर्ट दिलेत ना त्यांनी? एकावर त्यांचं ऐकते. दुसऱ्यावर माझं.”

पहिल्या शर्टाला तिने साहेबांच्या शब्दाबाहेर टाकाभरही जाऊ दिलं नाही. आकाशाचे थरावर थर दिले, पिवळ्यावर केशरी, केशरीवर लाल. बावीसच्या बावीस मिशा टाकल्या. अक्षरं तीन मिलिमीटरचीच ठेवली. मशीन तासभर कण्हत होती. मध्येच थांबून सुयांमधले धागे बदलावे लागले, नऊ वेळा धागा तुटला आणि एक सुई मोडली. शेवटी शर्ट चौकटीतून निघाला तेव्हा छातीवर पुठ्ठा शिवल्यासारखा दिसत होता. भोवतालच्या कापडाला चुण्या पडल्या होत्या. आकाशाचा चिखल झाला होता. मिशा कापडात बुडून वाघाचे गाल सुजल्यासारखे वाटत होते.

“वाघाची दाढ दुखतेय,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या शर्टासाठी टिकलीने आधी आकाशच पुसून टाकलं. शर्ट निळा आहे, मग निळ्यावर आणखी आकाश कशाला? वाघाच्या अंगावरची छाया काढून केशरीच्या दोनच छटा ठेवल्या, एक उजळ, एक गडद, आणि दोन्हींमध्ये स्वच्छ रेघ. पट्ट्यांना काळा, तोंडाला पांढरा, ढालीच्या काठाला सोनेरी. रंग पाचच झाले. मिशा दोन्हीकडे तीन-तीन, प्रत्येक मिशीवरून सुई तीनदा फिरवलेली, म्हणजे ती वर उठून दिसेल. ओळीतलं ‘आम्ही आहोत’ गाळलं आणि उरलेलं ‘भिऊ नका’ आठ मिलिमीटरचं केलं. मशीनने पंधरा मिनिटांत, एकदाही न कुरकुरता काम संपवलं. वाघ कसा, हात लावला तर चावेल असा!

दोन्ही शर्ट घडी करून टेबलावर ठेवले आणि दोघी मागच्या खोलीत जेवायला बसल्या. तेवढ्यात साहेबांचा दिवसपाळीचा रखवालदार नमुना न्यायला आला.

“मावशी, कोणता नेऊ?” त्याने बाहेरून विचारलं.

“वरचा!” घास तोंडात ठेवूनच आत्या ओरडली.

वरचा म्हणजे कोणता, हे टिकलीच्या लक्षात यायला दोन घास लागले. ती धावत बाहेर आली. टेबलावर चांगला शर्ट शांतपणे पडला होता. पुठ्ठा गेला होता.

“आत्या, काय केलंस!”

“मी? घडी कुणी घातली? चांगला खाली आणि घाण वर, असं कोण ठेवतं?”

संध्याकाळच्या आत फोन आला. आत्याला तो कानापासून हातभर लांब धरावा लागला.

“माझ्या माणसाला लोक मिऊ म्हणतायत! मिऊ!”

“काय म्हणतायत?”

“मिऊ! तुमचा शर्ट घालून तो गेटवर उभा राहिला, तर तीन पोरी येऊन वाचून गेल्या. ‘मिऊ नका’! सबंध इमारत खिडकीत येऊन म्याऊ म्याऊ करतेय! येतोय मी तिकडे!”

फोन ठेवल्यावर आत्याने टिकलीकडे पाहिलं. टिकलीने तोंडावर ओढणी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते.

“हस. हस हो. कोपऱ्यातली कात्री पुसून ठेवलीय मी.”

टिकलीचं हसू तिथेच विरलं.

अर्ध्या तासात साहेब आले. मागोमाग तोच रखवालदार, अंगात तोच शर्ट. आणि त्याच्याही मागे एक ठेंगणी, चष्मा लावलेली बाई. साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, “ही आमची सूनबाई. हिला कळलं.”

“मला कसं कळणार नाही, बाबा? गेटवरून जाताना माझ्याकडे बघून माणूस म्यावला!”

रखवालदार घाईने म्हणाला, “मी नाही हं, ताईसाहेब. मी दुपारपासून एक शब्द बोललो नाही. शर्टामुळे वाकताही येत नाही मला.”

सूनबाईंनी त्याची छाती जवळून पाहिली. बोटाने टकटक केली. टकटक ऐकू आली.

“भ-चा म कसा झाला?” त्यांनी विचारलं.

टिकली पुढे झाली. तिने कागदावर दोन्ही अक्षरं शेजारी काढली. “भ आणि म सख्खे भाऊ आहेत बघा. फरक एवढाच, भ-च्या डोक्यावरची रेघ मध्ये फुटलेली असते. ही फट तुमच्या चित्रात अर्ध्या मिलिमीटरचीही नाही. धागाच जवळपास तेवढा जाड. टाके ओढले गेले की कापड आवळतं, फट मिटते आणि भ-चं डोकं झाकलं जातं.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही? मी हे संकेतस्थळासाठी काढलं होतं. शर्टावर जाणार हे मला कुणी बोललंच नाही!” सूनबाई साहेबांकडे वळल्या.

साहेबांनी मिशी चाचपली. “तीन आठवडे काढत होतीस. म्हटलं, वाईट वाटेल.”

“बावीस मिशांचं वाईट वाटेल? अहो, त्यातल्या दहा तर मी कंटाळा आला म्हणून काढल्या!”

आत्या मशीनच्या मागे जाऊन खोकली. ते खोकणं बरंचसं हसण्यासारखं होतं.

टिकलीने दुसरा शर्ट पुढे केला. सूनबाईंनी तो उजेडात धरला. वाघ पाहून त्यांचा चेहरा खुलला. मग नजर खाली अक्षरांवर आली आणि थबकली.

“हेही मिऊच दिसतंय गं. थोडंसं.”

टिकलीने शर्ट ओढून घेतला. खरंच! अक्षर मोठं होतं, फट होती, पण फटीवरून एक बारीक धागा आडवा गेला होता. लांबून पाहिलं तर रेघ सलग वाटत होती. आत्या कोपऱ्यातल्या कात्रीकडे पाहतही नव्हती, आणि टिकलीला तेच जास्त झोंबलं.

“पंधरा-वीस मिनिटं बसता?” टिकली म्हणाली. “चूक माझी आहे. आणि मला ती दिसलीय.”

ती खुर्चीत बसली. सूनबाई तिच्या खांद्यावरून बघू लागल्या.

“हे बघा, डोक्यावरची रेघ मी एका दमात भरली. फटीपाशी आल्यावर मशीन धागा न कापता पलीकडे उडी मारून गेली. फट लहान म्हणून ती उडी मला पडद्यावर खटकलीच नाही.” तिने रेघेचे दोन तुकडे केले. पहिल्याच्या शेवटी गाठ आणि धागा कापायची खूण, मग दुसरा तुकडा. “आता फट दुप्पट करते.”

“दुप्पट? विचित्र दिसेल ना?”

“इथे विचित्रच दिसायला हवी. कापड आवळलं की बरोबर होईल.”

“म्हणजे चुकीचं काढायचं, म्हणजे बरोबर येतं?”

“थोडं चुकीचं. किती चुकीचं, ते शिकायला चार महिने लागले.”

तिसऱ्या नमुन्याला कोरा शर्ट नव्हता. रखवालदाराने जरा विचार केला, मग पुठ्ठ्याचा शर्ट उतरवून बनियनवर उभा राहिला. “याच्या पाठीवर भरा. कापड तेच आहे. नाहीतरी मला आता हा पुन्हा घालायचा नाहीच.”

मशीन सुरू झाली. पाचही जण सुईकडे बघत होते. ढाल झाली, वाघ झाला, सहा मिशा झाल्या. मग अक्षरं. भ-च्या डोक्यापाशी मशीन थांबली, खट्कन धागा कापला, पुढे सरकली. टिकलीने श्वास सोडला तो तेव्हा.

साहेबांनी शर्ट हातात घेऊन भिंतीपर्यंत मागे जाऊन वाचला. “भिऊ,” ते म्हणाले. मग परत दोन पावलं पुढे येऊन, “भिऊच.”

“बाबा, सही करा,” सूनबाई म्हणाल्या. “आणि पुढच्या वेळी शिवायचं असेल तर आधी हिच्याकडे मला पाठवा. तुम्ही येऊ नका.”

साहेबांनी नमुन्याच्या कागदावर सही केली आणि तिघं निघाले. रखवालदाराने जाताना टिकलीला सलाम ठोकला, बनियनवरच.

दार लागल्यावर खोलीत फक्त मशीनच्या दिव्याची गुणगुण उरली. टिकली खुर्चीतून उठली आणि उगीचच टेबल आवरू लागली. आत्या मशीनभोवतीची कापलेल्या धाग्यांची रास झाडत होती.

इतक्यात एक गृहस्थ आत आले. त्यांच्या हातात गुंडाळलेला मोठा कागद होता. “वाद्यवृंदाचे कोट आहेत,” ते आत्याला म्हणाले. “चित्रात कारंजं आहे, कारंज्यात इंद्रधनुष्य आहे. सगळं हुबेहूब यायला हवं.”

आत्याने झाडू न थांबवता हनुवटीने खुर्ची दाखवली.

“मला काय सांगताय? तिला सांगा. आणि तू उभी काय राहिलीस? बस की आपल्या जागेवर.”